नाल्याकाठचा कचरा डेपो बंद करताना: एका नगरपरिषदेचे प्रकरण

या कामात मी मृदा-तांत्रिक सल्लागार म्हणून पहिल्या मोजणीपासून बंदीनंतरच्या चौथ्या वर्षापर्यंत होतो. गावाचे नाव, माणसांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. निर्णय कुठे अडले, कुठे बरोबर आले आणि कुठे चुकले, ते मात्र जसे घडले तसे लिहिले आहे.

## पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातली एक मध्यम आकाराची नगरपरिषद. गावाबाहेरच्या पडीक जागेवर तीसेक वर्षे कचरा टाकला जात होता. गाव वाढत वाढत डेपोला येऊन भिडले. पूर्वेला घरांची एक ओळ उभी राहिली आणि तिचे शेवटचे घर ढिगापासून जेमतेम २५ मीटरवर होते. पश्चिमेला नाला होता, तो पायथ्यापासून ९ मीटरवर. उत्तरेला जुन्या कचऱ्याचा ४-५ मीटर उंचीचा, सव्वा हेक्टरभर पसरलेला पट्टा होता. मुख्य ढीग ३ हेक्टरांवर आणि १८ मीटर उंच, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा. त्यात साधारण तीन लाख घनमीटर कचरा होता. खाली दीड-दोन मीटर काळी माती, मग मुरूम, मग भेगाळलेला काळा पाषाण. हा मुरूम आणि भेगाळलेला पाषाण पुढे फार महत्त्वाचे ठरले.

नव्या जागेवर प्रक्रिया केंद्र सुरू झाले आणि इथे कचरा टाकणे थांबले. मुख्याधिकाऱ्यांची अपेक्षा सरळ होती: दोन उन्हाळ्यांत ढीग माती टाकून झाकायचा आणि वर बाग करायची.

## अडचण

पहिल्याच भेटीत मी नाल्याच्या बाजूने चालत गेलो. मार्च महिना होता, चार महिन्यांत थेंब पडला नव्हता, तरी पायथ्याला काळे पाणी झिरपत होते. वरच्या कडेला कडेशी समांतर अशा तीन भेगा होत्या आणि कुंपणाचे दोन खांब नाल्याकडे झुकलेले होते. भर उन्हाळ्यात पायथा ओला आणि माथ्यावर भेगा, ही दोन लक्षणे एकत्र दिसली की ढीग सरकण्याच्या तयारीत आहे असे धरूनच पुढचे बोलावे.

पश्चिमेचा उतार ४५ अंशांचा होता. कचरा असा उभा राहू शकतो, कारण त्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या आणि दोऱ्या त्याला गुंफून धरतात. त्यामुळे वर्षानुवर्षे तो स्थिर वाटतो. खरा धोका आतल्या पाण्याचा असतो. जेसीबीने पसरलेले मातीचे आणि राडारोड्याचे थर पाणी अडवून धरतात, दाब वाढतो आणि कचऱ्याच्या थरांमधले घर्षण कमी होते. फिलिपिन्समधल्या पायाटासचा ढीग १० जुलै २००० रोजी कोसळला तो दिवसचे दिवस चाललेल्या पावसानंतर, आणि दोनशेहून जास्त माणसे गेली. दिल्लीत गाझीपूरचा ढीग १ सप्टेंबर २०१७ रोजी शेजारच्या कालव्यात घसरला, तोही पावसाळ्यातच.

आम्ही उतारात पाच निरीक्षण नळ्या घातल्या. पाणी तळापासून ७ मीटर उंचीवर उभे होते. त्या पातळीवर गणित केले तर सुरक्षा गुणांक १.१ च्या आत येत होता. म्हणजे घसरवणाऱ्या बळापेक्षा धरून ठेवणारे बळ जेमतेम दहा टक्क्यांनी जास्त, आणि एका जोरदार पावसात तेवढेही उरले नसते.

दुसरी एक गोष्ट त्याच आठवड्यात कानावर आली. पूर्वेच्या ओळीतल्या एका आजींनी आमच्या मुकादमाला सांगितले, "पावसात आमच्या दारात डबकं साचतं ना, त्यातलं पाणी उकळल्यावाणी बुडबुडतं बघा." मुकादमाने मला सांगितले आणि मी वहीत लिहून घेतले. त्यावर तेव्हा काहीही केले नाही. तिकडे पुन्हा येतो.

## पर्याय

२०१६ च्या घनकचरा नियमांत भरलेल्या डेपोसाठी आधी कचरा उपसून वेगळा करण्याचा, म्हणजे बायोमायनिंगचा, विचार करायला सांगितले होते. ते न जमल्यास वायू गोळा करण्याच्या सोयीसह झाकण. जमीन मोकळी होत असल्याने नगरसेवकांचा कल साहजिकच उपशाकडे होता.

तीन पर्याय टेबलावर आले. पहिला, सगळा ढीग उपसणे. यात अडचण अशी की ढिगाचा वरचा अर्धा भाग ताजा आणि ओला होता. असा कचरा उपसून लांबट राशी करून, उलटसुलट करत वाळवावा लागतो, तेव्हाच तो चाळणीतून जातो. त्यासाठी मोकळी जागा लागते आणि ती इथे नव्हती. काम दोन-तीन पावसाळे चालले असते आणि तेवढा काळ उभ्या कापलेल्या कडा नाल्याच्या डोक्यावर राहिल्या असत्या. दुसरा पर्याय, आहे त्या आकारावर माती आणि प्लॅस्टिकचा पडदा टाकणे. तो सर्वांत स्वस्त होता, पण ४५ अंशांवर कुठलेच झाकण टिकत नाही.

तिसरा पर्याय मिश्र होता आणि तोच घेतला. उत्तरेचा जुना पट्टा कोरडा, कुजून गेलेला होता, तो उपसायचा. त्यातून निघालेली बारीक माती झाकणाखालच्या समतल थराला वापरायची, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पश्चिमेच्या उतारावरून कापलेला कचरा भरायचा.

हिशोब असा बसला. उतार १:१ वरून १:३ करायचा, म्हणजे १ मीटर चढायला ३ मीटर आडवे जायचे, आणि मध्यावर ४ मीटर रुंदीची पायरी ठेवायची. नाल्यामुळे पायथा पुढे नेता येत नव्हता, म्हणून माथा ४० मीटर मागे घ्यावा लागणार होता. १४० मीटर लांबीवर हा कचरा सुमारे पन्नास हजार घनमीटर होतो. उत्तरेच्या पट्ट्यातही जवळपास तेवढीच जागा रिकामी होणार होती. हा मेळ बसला नसता तर मी संपूर्ण उपशाच्याच बाजूने बोललो असतो.

डेपोवर वेचणी करणाऱ्या सतरा कुटुंबांचा प्रश्न याच टप्प्यावर सुटायला हवा होता. अकरा जणी चाळणीच्या कामावर लागल्या. बाकीच्यांची सोय झाली नाही, आणि त्याबद्दल बैठकीत कोणी फार वेळ बोलले नाही, मीसुद्धा नाही.

## उतार: आधी पाणी, मग कापणी

कंत्राटदाराला पायथ्याची गॅबियन भिंत, म्हणजे जाळीत भरलेल्या दगडांची भिंत, आधी हवी होती. ती उभी राहिली की पहिले बिल निघते. मी लेखी कळवले होते की पायथ्याला हात लावायचा नाही. आधी पाणी उतरवायचे, मग वरून खाली कापत यायचे. तरी एका संध्याकाळी १२ मीटर लांबीत पायथा खोदला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाने फोन केला, "साहेब, वरची भेग रातीत उघडली, बोटं जातायत." मोजली तर ४ सेंटिमीटर रुंदावली होती. आम्ही वरची सगळी माणसे आणि यंत्रे मागे घेतली आणि डंपरने आणलेला डबर खोदलेल्या जागेत परत भरला. तीन दिवस भेगेवर खुंट्या ठोकून अंतर मोजत राहिलो. चौथ्या दिवशी ती थांबली.

पायथा हा ढिगाचा टेकू असतो. तो काढला की वरचे वजन तसेच राहते आणि आधार तेवढा जातो. हे मला माहीत होते, कंत्राटदाराच्या इंजिनिअरलाही माहीत होते. पण बिलाचे टप्पे ज्या क्रमाने लिहिले होते, काम त्याच क्रमाने झाले. निविदेत पहिला टप्पा "पाण्याची पातळी ३ मीटरच्या खाली" असा लिहिला असता तर हा प्रसंग आला नसता.

त्यानंतर क्रम पाळला. पायथ्याच्या बाहेर दगड भरलेला चर काढला, ढिगात सहा विहिरीसारखी छिद्रे घेऊन पाणी उपसले आणि टँकरने प्रक्रियेला पाठवले. पातळी ७ वरून ३ मीटरवर यायला नऊ आठवडे लागले. मग पोकलेनने माथ्यापासून कापत खाली आलो. भिंत सगळ्यात शेवटी झाली. नव्या उताराचा सुरक्षा गुणांक १.५ च्या वर होता.

## झाकण

नियमांतला ढाचा असा आहे: ६० सेंटिमीटरचा पाणी न झिरपणारा मातीचा थर, त्यावर १५ सेंटिमीटरचा निचऱ्याचा थर, त्यावर ४५ सेंटिमीटर माती आणि गवत. आपल्याकडची काळी माती ओली असताना पाणी अडवते, म्हणून स्थानिक अभियंत्यांना ती फुकटचे उत्तर वाटली. पण तीच माती मे महिन्यात बोट जाईल एवढी भेगाळते, आणि पहिल्या वळवाचे पाणी त्या भेगांतून थेट कचऱ्यात जाते. म्हणून मातीचा थर मुरूम मिसळून घेतला आणि त्यावर १ मिलिमीटर जाडीचा लवचीक जिओमेम्ब्रेन, म्हणजे प्लॅस्टिकचा पडदा, घातला. खालचा कचरा बसत जातो, त्यामुळे ताणला तरी न फाटणारा प्रकार हवा होता.

इथे दुसरा अडथळा आला. अंदाजपत्रकात फक्त "जिओमेम्ब्रेन" लिहिले होते आणि गुळगुळीत गुंडाळ्या येऊन पडल्या. १:३ चा उतार १८ अंशांचा असतो. गुळगुळीत पडद्यावर माती साधारण २० अंशांपर्यंत धरून राहते. म्हणजे कोरड्यात गुणांक १.१ च्या आसपास, आणि वरची माती पाण्याने भरली की तो जवळपास निम्मा होतो. झाकण मातीसकट घसरून पायथ्याशी आले असते. खरखरीत पृष्ठभागाचा पडदा २८ अंशांच्या आसपास धरतो, तिथे कोरड्यातला गुणांक १.६ येतो. निचऱ्याचा थर नीट काम करत असेल तर तो पावसातही फारसा खाली जात नाही. प्रयोगशाळेत आमची माती आणि दोन्ही पडदे घेऊन घर्षण चाचणी केली, तेव्हा कुठे बदल मंजूर झाला. गुळगुळीत गुंडाळ्या माथ्याच्या सपाट भागावर वापरल्या.

या बदलात सात आठवडे गेले आणि पावसाळा आला. त्या वर्षी माथा झाकलेला आणि पश्चिमेचा उतार ताडपत्रीखाली, अशी स्थिती राहिली. त्या पावसाळ्यात वायूची एकही तक्रार आली नाही. आम्ही त्यातून चुकीचा निष्कर्ष काढला.

## वायू

कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास मिथेन आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. मिथेनचे हवेतले प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीने स्फोट होतो. ढीग उघडा असतो तोवर वायू वरून सगळीकडून निघून जातो. झाकण घातले की वरची वाट बंद होते, वायू मात्र तेवढाच तयार होत राहतो. जिथे जिथे मुरूम सैल आहे, पाषाणाला भेग आहे, तिकडे तो आडवा चालू लागतो.

वायू बाहेर सोडणाऱ्या नळ्यांच्या संख्येसाठी ढोबळ मानाने साडेसात हजार घनमीटर कचऱ्यामागे एक असे धरतात. तीन लाखांच्या ढिगाला चाळीस लागल्या असत्या. अंदाजपत्रकात १४ होत्या आणि त्यांची खोली ६ मीटर होती, तर कचरा १७-१८ मीटर. रक्कम वाढेल म्हणून ही संख्या कमी ठेवली गेली, आणि "ढीग जुना आहे, वायू कमी असेल" या वाक्यावर मी सही केली. वरचा अर्धा भाग ताजा आहे हे मीच पर्यायांच्या टिपणीत लिहिले होते.

पश्चिमेचा उतार दुसऱ्या उन्हाळ्यात झाकला. आधीच्या पावसाळ्यात वायू त्या उघड्या बाजूने निघून जात होता, हे तेव्हा लक्षात आले नाही. ती वाट बंद झाली. जुलैमध्ये पूर्वेच्या ओळीतल्या एका किराणा दुकानाच्या फरशीच्या सांध्यात बुडबुडे दिसले. बोअरच्या पंपाच्या खड्ड्यात मीटर धरला तर मिथेन ४ टक्के. स्फोटाची खालची मर्यादा ५ आहे. नियम त्या मर्यादेच्या २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सव्वा टक्क्यापर्यंत, परवानगी देतो. त्याच संध्याकाळी त्या ओळीतली नऊ घरे रिकामी केली. वीज बंद केली, खड्ड्यांची झाकणे उघडली आणि माणसांना शाळेत नेले. आजींनी आम्हाला पुन्हा काही ऐकवले नाही. फक्त विचारले, "आता लिहून घेतलं ना?"

आमच्या मोजणीच्या नोंदींत हे का आले नाही, ते शोधायला आठवडा लागला. आम्ही मोजणी दर पंधरा दिवसांनी दुपारी, कोरड्या हवेत करत होतो. वातावरणाचा दाब झपाट्याने उतरतो तेव्हा जमिनीतला वायू बाहेर ओढला जातो, आणि त्याच वेळी पावसाने वरची माती ओली होऊन बंद झालेली असते. इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधल्या लॉस्को गावात २४ मार्च १९८६ रोजी जुन्या कचराभूमीचा वायू शिरून एक बंगला उद्ध्वस्त झाला, तिघे जखमी झाले. तेव्हाही दाब काही तासांत झपाट्याने खाली आला होता. आमच्या जुलैच्या त्या दिवशी कमी दाबाचा पट्टा डोक्यावर होता. वादळी हवेत मोजायला जायचे असते, कारण खरा आकडा तेव्हाच दिसतो.

उपाय दोन भागांत केला. ढीग आणि घरे यांच्या मध्ये, ढिगाच्या कडेपासून ५ मीटरवर, कठीण पाषाण लागेपर्यंत साडेतीन मीटर खोल चर खोदला. त्यात ४० मिलिमीटरचा दगड आणि सच्छिद्र नळी घातली, घरांच्या बाजूला प्लॅस्टिकचा उभा पडदा लावला. वायूला घराआधी सोपी वाट मिळाली. मग पूर्वेच्या कडेने नऊ खोल नळ्या घेतल्या, १३ मीटरपर्यंत. तळाच्या ४-५ मीटरला हात लावला नाही, कारण तळ फोडला तर काळे पाणी खाली जाते. माथ्यावर आणखी बारा नळ्या वाढवल्या.

पंखा लावून वायू ओढून जाळावा का, यावर वाद झाला. जोरात ओढले तर झाकणाच्या सांध्यांतून हवा आत येते आणि कचरा आतल्या आत धुमसायला लागतो. ती आग महिनोन् महिने विझत नाही. म्हणून फक्त पूर्वेच्या नऊ नळ्यांवर छोटा पंखा लावला आणि बाहेर येणाऱ्या वायूत प्राणवायू २ टक्क्यांच्या वर गेला की तो बंद करायचा, असे ठरवले. घरांजवळच्या निरीक्षण छिद्रांत मिथेन सुरुवातीला १८ टक्के होता. पाच आठवड्यांत तो १ टक्क्याच्या खाली आला आणि कमी दाबाच्या दोन पुढच्या दिवसांतही वर गेला नाही. त्यानंतरच कुटुंबे परत आली.

## नंतरची जमीन

बागेची कल्पना आधी आली आणि मग व्यापारी संकुलाची. दोन्हींना नकार देणे हे माझे काम होते. नियम बंदीनंतर किमान १५ वर्षे देखरेख मागतो आणि त्यानंतरही वायू, पाणी आणि जमिनीचे स्थैर्य ठीक असल्याचे दाखवल्यावरच वापराचा विचार होतो. बैठकीत मी मुंबईतल्या मालाडचे उदाहरण दिले. तिथे जुन्या कचराभूमीवर उभ्या राहिलेल्या कार्यालयांत संगणकांसारखी उपकरणे वारंवार बिघडत होती, आणि त्याचा संबंध खालून येणाऱ्या वायूंशी लावला गेला. गोराईचेही सांगितले: १९७२ पासून वापरात असलेली, २६ मीटरांपर्यंत उंच गेलेली ती कचराभूमी २००७ नंतर शास्त्रीय पद्धतीने बंद झाली, आणि ती बंद ठेवणे हेच तिचे काम आहे.

तरी ५ जूनला कोणालाही न विचारता दोनशे रोपे माथ्यावर लावली गेली, त्यात वड आणि पिंपळही होते. मोठ्या झाडांची मुळे ४५ सेंटिमीटर मातीत थांबत नाहीत. ती पडद्यापर्यंत जातात. आम्ही वड-पिंपळ काढून दुसरीकडे लावले. उरलेल्यांतली सदतीस रोपे दोन महिन्यांत सुकली, आणि ती एकाच पट्ट्यात होती. मुळांपाशी मिथेनने प्राणवायू हुसकला की झाड असेच जाते. तिथे खणून पाहिले तर पडद्याचा एक जोड सुटलेला निघाला. सुकलेला पट्टा हा मीटरपेक्षा आधी बोलला. आता तिथे वाळा आणि गवत आहे, आणि पिवळा डाग दिसला की मुकादम फोन करतो.

लोकांसाठी चालण्याचा रस्ता झाला आहे, पण तो कचऱ्याच्या हद्दीबाहेर, चराच्या पलीकडून. उत्तरेच्या उथळ पट्ट्यावर खोल पाया न घेता, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सौर पॅनेल ठेवण्याचा प्रस्ताव मोजण्यांसह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेला आहे.

## परिणाम आणि वेगळे काय करता आले असते

चौथ्या वर्षाअखेर उतारावरच्या खुंट्या सरकलेल्या नाहीत. पायथ्याचे पाणी उन्हाळ्यात जवळपास थांबले आहे. माथा मात्र असमान बसला: कुठे १५ सेंटिमीटर, कुठे ७०. मी माथ्याला ३ टक्के उतार दिला होता. तो बसण्यात संपला, मध्यभागी पाणी साचले आणि दोन हजार चौरस मीटर झाकण उचलून पुन्हा घालावे लागले. ५ टक्के दिला असता तर हे टळले असते.

त्याहून मोठी चूक क्रमाची होती. पूर्वेचा चर आणि खोल नळ्या झाकणाच्या आधी हव्या होत्या. जमिनीत वायू आहे का हे पाहायला घरांजवळ चार छिद्रे घेणे दोन दिवसांचे काम होते, आणि त्याचे कारण माझ्या वहीत सव्वा वर्ष आधी लिहिलेले होते.

आता देखरेखीचा खर्च दरवर्षी नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात वेगळा मागावा लागतो आणि दरवर्षी तो कमी करण्याचा प्रस्ताव येतो. गेल्या मार्चमध्ये पंख्याचे वीजबिल थकले आणि तो अकरा दिवस बंद होता. त्या अकरा दिवसांत कमी दाबाचा पट्टा आला नाही. घरांच्या ओळीत आम्ही आता नऊ मिथेन सूचक बसवले आहेत. त्यांचा एक आवाज आजींच्या घरात आहे आणि एक पाणीपुरवठा केंद्रातल्या रात्रपाळीच्या खोलीत.